हनीफभाईंचा न सापडणारा रफू

हनीफभाई रफूवाले गिऱ्हाइकाला "या, बसा" कधी म्हणाले नाहीत. एक तर त्यांच्याकडे बसायला जागा नव्हती आणि दुसरं म्हणजे त्यांना गिऱ्हाइकात रस नव्हता. त्यांची नजर सरळ पिशवीवर जायची आणि पहिला प्रश्न यायचा, "कोणी फाडलं?"

"फाटलं हो" असं म्हणून सुटका नसायची. "आंबा आपोआप पडतो. कापड आपोआप फाटत नाही. नाव सांगा." मग ते सदाशिव पेठेतले निवृत्त न्यायाधीश असोत नाही तर लग्नाचा कोट जाळून घेतलेला नवरदेव, त्याला कबुली द्यावी लागायची. खिळा होता का, उदबत्ती होती, इस्त्री होती की उंदीर? कारण कळल्याशिवाय ते कापडाला हात लावत नसत. जळलेल्या भोकाची कड कडक होते, ती आधी काढावी लागते. खिळ्याने फाटलं तर धागे तुटतात पण जागेवर लोंबत राहतात, ते परत कामाला येतात. हे सगळं खरंच होतं, पण मला पक्कं ठाऊक आहे, अर्धा प्रश्न ते समोरच्याला ओशाळं करायलाच विचारायचे.

मंडईच्या मागच्या बोळात एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते त्यांचा मान राखायला. आत एक सतरंजी, एक दिवा, सुयांचा डबा आणि हनीफभाई. उभं राहिलं की डोक्याला जिना लागे. पाटी नव्हती. पाटीचं काम ते तोंडाने करत. घराणं पाच पिढ्या पुण्यात मुरलेलं, त्यामुळे मराठी इतकं स्वच्छ की माझ्यासारखीने 'पाणी'तला ण जरा हलका घेतला तरी ते भुवई वर करायचे.

या माणसाशी आमची गाठ पडली ती आजीच्या शालीमुळे.

माझी आजी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. नोकरी पक्की झाली त्या थंडीत सायकलवर गाठोडं घेऊन फिरणाऱ्या एका काश्मिरी फेरीवाल्याकडून तिने ती शाल घेतली होती. बदामी रंगाची, शुद्ध लोकरीची, तिरक्या विणीची, काठाला मेंदी रंगाची नाजूक वेल. माझे आजोबा म्हणाले होते, "पुण्यात इतकी थंडी असते कुठे?" त्यावर आजी म्हणाली होती, "पुण्यात इतकं डोकं तरी कुठे असतं? तरी टोप्या विकल्या जातातच की." पुढे घरात जन्मलेलं प्रत्येक मूल हॉस्पिटलमधून त्या शालीतून घरी आणायची तिने रीतच पाडली. आत मऊ सुती धोतर आणि बाहेर शाल. माझे बाबा तसे आले, मी आले, माझी लेक इरा आली. आजी पूजाअर्चा फारशी करायची नाही, पण या रीतीत तिने कधी सूट दिली नाही.

मी नऊ वर्षांची असताना बसच्या सीटच्या खिळ्याने त्या शालीला काटकोनात वीतभर फाडलं. आजी म्हणजे नीटनेटकेपणाची सम्राज्ञी. तिने घरी येऊन लोंबणारे सगळे धागे कात्रीने छान सफाचट कापले, शालीची चौकोनी घडी घातली आणि माझा हात धरून कुणीतरी सांगितलेल्या त्या जिन्याखाली गेली.

"कोणी फाडली?"

"बसने."

"आणि हे धागे? हेही बसनेच कापले?"

आजीने कात्रीचा हात पदराखाली घेतला. आजीला असं ओशाळलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"अहो बाई," हनीफभाई म्हणाले, "पायाला जखम झाली की कातडी लोंबते. ती कापून टाकून मग डॉक्टरकडे जाता का? हेच धागे मी परत बसवले असते. आता दुसरे आणायचे कुठून?"

तेव्हा ते पंचविशीचे असतील. वडील नुकतेच गेले होते आणि ते नव्यानेच त्या सतरंजीवर बसू लागले होते. पण तोरा असा, की जणू काश्मीरच त्यांनी विणलं आहे. आजीसारख्या बाईला, जिच्या वर्गात खिडकीवरचे कावळेसुद्धा ओरडायला बिचकत, हा पोरगा सुनावत होता. मला वाटलं आता हा गेला. पण आजी फक्त एवढंच म्हणाली, "चुकलं. दुसरे धागे कुठे मिळतील ते सांगा."

"शालीतच," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी दाखवलं. शालीच्या टोकाला दुमड होती, ती त्यांनी उसवली. आतल्या बाजूने सुईच्या टोकावर एकेक धागा उचलून ओढून काढला. बाजारातला धागा रंगाला जुळतो, पण वयाला जुळत नाही, असं त्यांचं म्हणणं. नवी लोकर जास्त चमकते, धुतली की वेगळी आकसते, आणि मग ठिगळ ओरडून सांगतं की मी ठिगळ आहे. शालीचा धागा शालीबरोबरच म्हातारा झालेला असतो. त्यातही उभ्याच्या जागी उभा आणि आडव्याच्या जागी आडवाच. उभ्याला पीळ जास्त असतो, त्यांची अदलाबदल केली की जागा फुगते.

आधी त्यांनी फाटलेल्या भागाखाली एक कापड कच्च्या टाक्यांनी लावून शाल सपाट बसवली. मग उभे धागे घातले. भोकाच्या कडेपाशी थांबायचं नाही, दोन्हीकडे चांगल्या विणीत आत शिरायचं, एक धागा अर्धा बोट, दुसरा बोटभर, तिसरा मधेच. सगळे एका रेषेत थांबले तर उद्या त्याच रेषेवर परत फाटेल. वळताना धाग्याचा इवलासा फास मोकळा ठेवायचा, कारण लोकर धुतल्यावर आकसते. मग आडवे. दोन धाग्यांवरून, दोन धाग्यांखालून, आणि पुढच्या ओळीला एक घर डावीकडे सरकून. तेव्हा कुठे ती तिरकी रेघ भोकावरून न अडखळता पुढे जाते. मी भोवळ येईपर्यंत बघत बसले होते. आजी मात्र खूश. बाकी काही नाही तरी मोजायचं काम होतं ना ते!

आठ दिवसांनी शाल न्यायला गेलो. हनीफभाईंनी ती झटकली, दोनदा उलटीपालटी केली, सतरंजीवर पसरली आणि म्हणाले, "शोधा. सापडला तर दुकान बंद करतो."

आजीने पर्समधून चष्मा काढला. काचा पदराला पुसल्या. शालीवर वाकली आणि बराच वेळ बघून एका जागी बोट ठेवलं.

"हा इथे. दिसतो."

हनीफभाई गालात हसले. "ते माझं नाही, बाई. ते विणकराचं आहे."

झालं! पुढची पस्तीस वर्षं हा तमाशा चालला. शालीला दर दोन-तीन वर्षांनी काही ना काही व्हायचंच. उदबत्तीची ठिणगी पडली, मांजराने नखं साफ केली, एकदा माझ्याच शाळेच्या बिल्ल्याची पिन अडकली. ("कोणी फाडली?" "मी." "शिकता कितवीत?" "सातवीत." "आजी गणित शिकवायची ना? मग पिन सरळ काढायची की वाकडी, हे भूमितीत येत नाही?") दर वेळी दुमडीतून धागे निघायचे, दर वेळी शाल सतरंजीवर पसरली जायची, दर वेळी आजी चष्मा पुसून ठामपणे चुकीच्या जागी बोट ठेवायची, "हा इथे. दिसतो," आणि दर वेळी तेच उत्तर यायचं. मला आजीची कीव यायची. वाटायचं, एवढी हुशार बाई, आणि हा टिकोजीराव दर वेळी तिला हरवतो.

शाल सांभाळायच्या बाबतीत तर त्यांनी आजीला शिष्यच करून टाकलं होतं. होळीनंतर शाल धुवायची. रिठे रात्रभर भिजवून त्याचं गार पाणी, गरम नाही, साबणाची पावडर तर नाहीच. चोळायची नाही, नुसती दाबायची. पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी शोषून घ्यायचं. दोरीवर टांगायची नाही, ओली लोकर स्वतःच्या वजनाने लांबते. खाटेवर पसरून सावलीत वाळवायची. मग जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळायची, आणि घडी दर वर्षी वेगळ्या रेषेवर घालायची, कारण एकाच घडीवर धागे मोडतात. आजीने त्यासाठी एक चिठ्ठीच ठेवली होती. यंदा दोनात, यंदा तीनात, यंदा नुसती गुंडाळी. पावसाळ्यात उघडीप मिळाली की शाल बाहेर काढून झटकायची, कारण कसरीला, म्हणजे लोकर खाणाऱ्या किड्याला, अंधार आणि शांतता आवडते.

एकदा आजीने विचारलं, "कडुलिंबाचा पाला घालू का हो घडीत?"

"घाला की. किड्यांना कोशिंबीर लागतेच जेवणाबरोबर."

जिभेची ही धार सगळ्यांनाच सारखी मिळायची, त्यात भेदभाव नव्हता. पुढे दिवस पालटले. लोक फाटलं की फेकून देऊ लागले आणि मग अचानक रफू ही फॅशन झाली. मी एकदा आजीला घेऊन गेले होते, तेव्हा डिझाइनच्या कॉलेजातली एक मुलगी तिथे कॅमेरा घेऊन उभी होती. तिच्या महागड्या जॅकेटला भोक पडलं होतं आणि तिला ते लाल दोऱ्याने रफू करून हवं होतं.

"अंकल, दिसायला पाहिजे. ॲक्च्युअली तीच तर स्टोरी आहे ना गार्मेंटची."

हनीफभाईंनी जॅकेट उलटसुलट केलं. "दिसायला हवं असेल तर फाटकंच राहू दे, बाळ. ते सगळ्यात जास्त दिसतं."

"नाही, म्हणजे... मेंडिंग सेलिब्रेट करायचंय."

"माझा नातू शाळेत शिवणकामाच्या तासाला असं सेलिब्रेट करायचा. बाई त्याला बाकावर उभं करायच्या."

मुलीने फोटो काढले आणि ती निघून गेली. आजी दहा मिनिटं हसत होती. मग चष्मा काढून पुसला, शालीवर बोट ठेवलं. हा इथे, दिसतो. ते माझं नाही, बाई.

आजी त्र्याण्णवाव्या वर्षी गेली. झोपेत, कुणाला त्रास न देता, अगदी तिच्या शिस्तीत. ती गेली तेव्हा शाल तिच्या अंगावर होती.

आणि इथे मी तो गाढवपणा केला, जो आमच्यासारखी जीव लावणारी माणसंच करू शकतात. शालीला आजीचा वास होता. खोबरेल तेल, सुंठ, आणि तिच्या मानेचा तो उबदार वास. मी ती धुतली नाही. धुवायची म्हणजे आजीला दुसऱ्यांदा पोचवायचं, असं मला वाटलं. चार महिने ती तिच्या खाटेवर तशीच पडून होती. मी येता-जाता तिच्यात तोंड खुपसायचे आणि रडायचे. मग धायरीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला जाताना ती एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, वास उडू नये म्हणून तोंड चिकटपट्टीने बंद केलं आणि माळ्यावर ठेवली. तिथे ती तीन वर्षं राहिली. पस्तीस वर्षं हनीफभाईंचं व्याख्यान ऐकलेली बाई मी! अक्कल माळ्यावर ठेवली होती म्हणा ना.

दिवाळीत इरा बाळंतपणाला माझ्याकडे आली. सांगितलं, आठवा लागलाय, मार्गशीर्षात बाळ येईल. आणि वर म्हणाली, "आई, पणजीची शाल काढून ठेव. बाळ त्यातूनच येणार."

मी पिशवी काढली, पट्टी कापली आणि शाल उघडली. समोरच्या खिडकीतला उजेड शालीतून आरपार आला. चाळण झाली होती नुसती. आजीचा वास नव्हताच, कुबट ओल होती फक्त, आणि घडीतून तांदळाच्या कणीसारखी काहीतरी भुरभुर खाली सांडली. मी तिथेच जमिनीवर बसले आणि मोठ्याने रडले. इरापासून लपवायला दार लावून घेतलं आणि रिक्षा करून मंडई गाठली.

जिन्याखाली मोबाइलची कव्हरं लटकत होती. हनीफभाईंचा मुलगा बसला होता. म्हणाला, "अब्बांनी काम सोडलं, ताई. डोळे गेले. एकाला काचबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालंय पण सुईत दोरा जात नाही. आम्ही विश्रांतवाडीला असतो आता."

धायरीहून विश्रांतवाडी. ज्यांना पुणं माहीत आहे त्यांनी माझ्यासाठी एक मिनिट शांत उभं राहावं. तेवढ्या वेळात माणूस नाशिकला जाऊन चिवडा घेऊन येतो.

हनीफभाई तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उन्हात बसले होते. दाढी पांढरीशुभ्र, मान ताठ. मी पिशवी पुढे केली. त्यांनी ती बघितली नाही, नुसता हात आत घातला आणि तसाच बाहेर काढला.

"ही तर बाईंची शाल."

"हो."

"कोणी फाडली?"

"कसरीने."

"कसरीने नाही. कसर जेवायला येते, वाढतं कोण?"

मी सगळं सांगितलं. वासाचं पण सांगितलं. वाटलं, निदान इथे तरी मऊ येतील.

"घामाचा वास होता तो, ताई. किड्यांना नुसती लोकर नाही आवडत, घाम लागलेली आवडते. तुम्ही शाल धुतली नाही म्हणजे मीठमसाला लावून ठेवलीत. वर प्लॅस्टिक, म्हणजे झाकण घातलंत. अंडी आधीच घातलेली होती, ती आत निवांत उबली." मग आत बघून ओरडले, "सूनबाई, चहा टाका. आणि ही पिशवी आधी घराबाहेर ठेवा, तुमच्या रजया आहेत आत."

त्यांनी हुकूम सोडला. आधी उन्हात ब्रशने झटकायची. मग पिशवीत बांधून पंधरा दिवस फ्रीजरमध्ये, किडा-अंडी सगळं मरतं. हे एका वस्तुसंग्रहालयातल्या बाईंनी त्यांना शिकवलं होतं. म्हणजे हनीफभाईंनाही कुणीतरी शिकवू शकलं होतं तर! पंधरा दिवस आजीची शाल माझ्या फ्रीजरमध्ये मटारशेजारी होती. मग ते म्हणाले, भोकं पडलेली शाल तशीच पाण्यात घातली तर पाण्याच्या वजनाने फाटेल. म्हणून मी आधी जुन्या मलमलीवर ती ढिल्या कच्च्या टाक्यांनी टाचली, आणि मगच रिठ्याच्या गार पाण्यात दाबली. पाणी मातकट झालं. ते ओतताना मी परत रडले. आजीचं जे काही उरलं होतं ते न्हाणीघराच्या जाळीतून चाललं होतं, आणि ते मी तीन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

"आता करता का रफू?" मी विचारलं. "महिना आहे हातात."

"डोळे कुठे आहेत?"

"माझे घ्या."

"तुमचे?" ते म्हणाले. "तुम्हाला तीन वर्षं कसर नाही दिसली."

पण बोटं शालीवरून फिरत होती. एक, दोन, तीन. एकोणीस भोकं त्यांनी न बघता मोजली. मग दुमडीकडे गेले आणि थांबले. दुमड संपली होती. पस्तीस वर्षं तिथूनच तर धागे काढले होते.

"एका टोकाने वीतभर उसवावी लागेल," ते म्हणाले. "कापायची नाही. आडवे धागे एकेक करून काढायचे, उभे राहतील त्यांची दशी होईल. त्या दशीतून उभे धागे मिळतील. शाल वीतभर लहान होईल."

"आजीची शाल लहान करू?"

"मग राहू द्या मोठी. बाळ भोकातून खाली पडलं की सांगा."

मी तणतणत खाली गेले. रिक्षा स्टँडपर्यंत गेले. परत वर आले. त्यांनी सुईचा डबा उघडून ठेवला होता.

पुढचे चोवीस दिवस मी रोज गेले. धागे मी उसवायचे. ओढायचे नाहीत, सुईच्या टोकाने उचलून सोडवायचे, तुटला की "हं" असा आवाज यायचा, तो शिवीपेक्षा वाईट. सुईत दोरा मी ओवायचे. ते डाव्या हाताची बोटं भोकाखाली ठेवून उजव्या हाताने सुई चालवायचे. उभे धागे त्यांनी सगळे स्पर्शाने घातले, माझी गरजच पडली नाही. आडव्याला मात्र मी मोजायचे. "दोन उचला. दोन सोडा. दोन उचला. आता डावीकडे एक घर." गणिताच्या बाईंची नात, शेवटी आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडत होते. एखादं भोक झालं की ते ओल्या फडक्यावरून इस्त्री नुसती टेकवायचे, फिरवायची नाही, आणि बोटाने चाचपून पुढच्याकडे जायचे.

अठराव्या भोकापर्यंत रेघ नीट गेली. एकोणिसाव्याला इराचा फोन आला, पोटात दुखतंय. डॉक्टर म्हणाले, आज नाही, दोन-चार दिवसांत. मी फोन ठेवला आणि परत मोजायला लागले. दोन उचला, दोन सोडा.

संध्याकाळी काम संपलं. हनीफभाईंनी शाल झटकली, दोनदा उलटीपालटी केली, गॅलरीतल्या खाटेवर पसरली. आवाज जुनाच होता.

"शोधा. सापडला तर दुकान बंद करतो."

"दुकान बंदच आहे तुमचं."

"म्हणून तर बिनधास्त सांगतोय."

मी वाकले. मधोमध, नेमका मधोमध, एकोणिसावा रफू ढळढळीत दिसत होता. वीण उलटी गेली होती. सगळ्या शालीची रेघ डावीकडे चढत होती आणि तेवढी रुपयाएवढी जागा उजवीकडे. फोननंतर मी "डावीकडे"ऐवजी "उजवीकडे" म्हणत गेले होते आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. आयुष्यभर एक रफू दिसू न दिलेल्या माणसाच्या शेवटच्या कामावर मी माझा गाढवपणा विणून ठेवला होता.

ते मान तिरकी करून थांबले होते. मी बोट उचललं आणि टोकाकडच्या चांगल्या विणीवर ठेवलं.

"हा इथे," मी म्हणाले. "दिसतो."

हनीफभाईंनी हात पुढे केला. माझं बोट कुठे पडलंय ते त्यांनी हाताने चाचपलं. मग म्हणाले, "ते माझं नाही, ताई. ते विणकराचं आहे." आणि त्यांचा अंगठा सरकत सरकत मधोमध आला आणि बरोबर त्या उलट्या विणीवर थांबला. "माझा हा. तिसऱ्या ओळीलाच कळलं होतं."

"मग थांबवलं का नाही?"

"उसवून परत भरायला धागा टिकला नसता. तीनदा ओढलेली लोकर तुटते. आणि तुमचा आवाज रडका झाला होता." त्यांनी शालीचा काठ सरळ केला. "खोटं बोलायचं तर बाईंसारखं बोलावं. आधी चष्मा पुसायचा. तुम्ही घाई केलीत."

"आजी खोटं नव्हती बोलत," मी म्हणाले. "तिला सापडायचाच नाही."

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. दिसत फारसं नव्हतं, पण गिऱ्हाइकाला ओशाळं करायची ती जुनी नजर बरोबर लागली मला.

"गणिताच्या बाई. स्वतःची शाल. खिळा कुठे लागला होता ते आठ दिवसांत विसरल्या? रफू दिसो न दिसो, फाटलं कुठे हे तर ठाऊक होतं ना? बोट तिथे ठेवायला काय हरकत होती?"

चाळीस वर्षं हा प्रश्न मला पडला नव्हता. चाळीस वर्षं मी आजीची कीव करत होते.

"तो पहिला रफू," ते म्हणाले, "वडील जाऊन दोन महिने झाले होते. असं मोठं काम मी एकट्याने कधी केलं नव्हतं. आंधळ्यालाही दिसला असता. मला माहीत होतं. तोंडाने मात्र म्हणालो, शोधा. बाईंनी बघितला, अगदी बघितला, आणि बोट वीतभर बाजूला ठेवलं. त्या वेळी खऱ्या जागी ठेवलं असतं ना, तर मी दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून कुठेतरी हमाली केली असती."

"मग तुम्ही इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं मी नीट शिकलो. शेवटी शेवटी खरंच दिसत नव्हता. पण त्यांनी बोट काही योग्य जागी ठेवलं नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुण्यात राहून दोघं गप्प बसलो, हीच मोठी गोष्ट." मग त्यांनी शाल पुढे ओढली, हाताने काठ जुळवले आणि घडी घातली. "यंदा तीनात. चिठ्ठीवर लिहा. आणि बाळाने दूध ओकलं की धुवा. वास सांभाळत बसू नका."

मी जिना उतरून खाली आले आणि वर बघितलं. हनीफभाई गॅलरीच्या कठड्याला टेकून उभे होते. हातात रिकामी सुई होती आणि ती ते बोटांनी फिरवत उगाच उजेडाकडे धरत होते.

इराची मुलगी चौथ्या दिवशी शालीतून घरी आली आणि दारातच शालीवर दूध ओकली. मी त्याच दुपारी ती रिठ्यात धुतली. हनीफभाई पुढच्या उन्हाळ्यात गेले.

परवा होळीनंतर शाल खाटेवर वाळत घातली होती. इरा लेकीला कडेवर घेऊन दारातून बघत होती. म्हणाली, "आई, तो आंधळ्या आजोबांचा रफू कुठला गं? दिसत नाही."

मी चष्मा काढला. काचा पदराला नीट पुसल्या. वाकून बराच वेळ बघितलं आणि मग मधल्या त्या उलट्या विणीपासून वीतभर बाजूला बोट ठेवलं.

"हा इथे," मी म्हणाले. "दिसतो."